विश्लेषण : परदेशातील मुलाची ठेव रुपयात ठेवावी की डॉलरमध्ये?

सोलापुरातून दुबई, मस्कत, दोहा किंवा अमेरिकेत गेलेल्यांच्या घरी एक प्रश्न हमखास निघतो. मुलाने पाठवलेले पैसे ‘एनआरई’ खात्यात रुपयात ठेवायचे, की ‘एफसीएनआर’ ठेवीत डॉलर म्हणूनच राहू द्यायचे? बँकेच्या फलकावर रुपयाच्या ठेवीला सहा-साडेसहा टक्के दिसतात आणि डॉलरच्या ठेवीला त्याहून बरेच कमी. फलक पाहून निर्णय पाच मिनिटांत होतो. पण रुपया डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरमागे ९० च्या पलीकडे गेला आणि पाच वर्षांपूर्वी रुपयात ठेव ठेवलेल्या अनेकांना हिशेब पुन्हा मांडावासा वाटू लागला.

दोन ठेवींत मूळ फरक काय?

एनआरई ठेव रुपयात असते. परदेशातून आलेला डॉलर किंवा दिरहम बँक त्या दिवशीच्या भावाने विकत घेते आणि खात्यात रुपये जमा करते. मुदत संपल्यावर पैसे परत परदेशात न्यायचे असतील तर त्या दिवशीच्या भावाने डॉलर विकत घ्यावे लागतात. दरम्यानच्या काळात रुपया घसरला तर तोटा ठेवीदाराचा, वधारला तर फायदाही त्याचाच.

एफसीएनआर ठेवीत डॉलर जमा केले तर डॉलरच परत मिळतात आणि व्याजही डॉलरमध्येच. पौंड, युरो, येन, कॅनडा व ऑस्ट्रेलियाचे डॉलर अशा चलनांतही ती ठेवता येते. मुदत कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त पाच वर्षे. एनआरई मुदत ठेवही किमान एक वर्षाची असते. दोन्हींपैकी कोणतीही ठेव वर्ष पुरे होण्याआधी मोडली तर व्याज शून्य. हे अर्ज भरताना कुणी ठळकपणे सांगत नाही आणि घरात अचानक लग्न किंवा आजारपण निघाले की मग कळते.

दोन्ही ठेवींवरील व्याजाला भारतात प्राप्तिकर नाही. मात्र अमेरिकेत राहणाऱ्याला तेच व्याज तिथल्या विवरणपत्रात दाखवून त्यावर तिथला कर भरावा लागतो. इथे कर भरलेला नसल्याने तिथे वजावटही मिळत नाही. अमिरातीत व्यक्तीच्या उत्पन्नावर कर नाही, त्यामुळे तिथल्या नोकरदाराला फलकावरचा दर जसाच्या तसा हाती पडतो.

रुपयाला जास्त व्याज मिळते, मग प्रश्नच कुठे आहे?

हे समजून घ्यायला सोलापूरकराला लांब जावे लागत नाही. इथला टॉवेल निर्यातदार रोज याच गणितात असतो. त्याचा माल परदेशात जातो, पैसे मात्र तीन-सहा महिन्यांनी डॉलरमध्ये येतात. तोवर भाव पडू नये म्हणून तो बँकेकडे पुढच्या तारखेचा भाव आजच पक्का करून घेतो. यालाच ‘फॉरवर्ड’ म्हणतात. सहा महिन्यांनंतरच्या डॉलरला बँक त्याला आजच्यापेक्षा थोडा जास्त भाव देते, आणि यात बँकेचे औदार्य काही नसते. भारतातील आणि अमेरिकेतील व्याजदरांत जेवढा फरक असतो, साधारण तेवढाच हा वरचा भाव असतो. आज रुपयाला जास्त व्याज मिळते याचाच दुसरा अर्थ असा की बाजारात उद्याचा डॉलर महाग धरलेला आहे.

निर्यातदार डॉलर विकणारा असल्याने हा फरक त्याच्या खिशात येतो. एनआरई ठेवीदार नेमका उलट्या बाजूला उभा असतो, कारण मुदतीअखेर त्याला डॉलर विकत घ्यायचे असतात. त्याने पुढचा भाव आजच पक्का करायचे ठरवले, आणि नियमानुसार त्याला तसे करता येते, तर हाच वरचा भाव त्याला मोजावा लागतो. मग साडेसहा टक्क्यांतला जादा भाग जवळपास गळून जातो आणि हाती डॉलरच्या व्याजाएवढेच उरते. म्हणून फलकावरच्या दोन दरांमधला फरक हा चलनाची जोखीम घेतल्याचा मोबदला समजावा. फुकटची कमाई समजून तो खिशात टाकू नये.

पाच वर्षांचा प्रत्यक्ष हिशेब काय सांगतो?

जानेवारी २०२१ च्या सुरुवातीला डॉलर सुमारे ७३ रुपयांना होता. त्या वेळी कुणी दहा हजार डॉलर पाठवले असते तर खात्यात ७ लाख ३० हजार रुपये पडले असते. मोठ्या सरकारी बँकेत पाच वर्षांच्या ठेवीला तेव्हा ५.४ टक्क्यांच्या आसपास दर होता. तिमाही चक्रवाढीने पाच वर्षांत त्या ठेवीचे साधारण ९ लाख ५५ हजार रुपये झाले. सव्वादोन लाखांचे व्याज, तेही करमुक्त! सोलापुरात बसलेल्या वडिलांना ही ठेव चांगलीच वाटेल.

आता मुलाच्या बाजूने पाहा. जानेवारी २०२६ च्या सुरुवातीला डॉलर सुमारे ९० रुपयांना झाला होता. त्या भावाने ९ लाख ५५ हजार रुपयांचे सुमारे १०,६०० डॉलर होतात. दहा हजारांचे पाच वर्षांत दहा हजार सहाशे, म्हणजे वर्षाला जेमतेम १.२ टक्के. पासबुकात ५.४ टक्के दिसले, डॉलरमध्ये हाती त्याच्या चौथ्या हिश्शापेक्षाही कमी आले.

मग डॉलरची ठेव किती सरस ठरली असती? २०२१ च्या सुरुवातीला अमेरिकेत व्याजदर शून्यालगत होते. एफसीएनआरला वर्षाला एक टक्का धरला तर दहा हजारांचे पाच वर्षांत सुमारे १०,५१० डॉलर होतात. ९० च्या भावाने त्याचे ९ लाख ४६ हजार रुपये. एनआरईचे ९ लाख ५५ हजार आणि एफसीएनआरचे ९ लाख ४६ हजार, दोन्ही जवळपास एकाच ठिकाणी येऊन थांबले! दर वेळी ते इतके जवळ येतील असे नाही. पण रुपयाची घसरण आणि व्याजातला फरक दीर्घकाळात एकमेकांना खाऊन टाकतात, हे यातून स्पष्ट दिसते.

रुपया नेहमी घसरतच राहतो का?

‘डॉलर काय, वाढणारच’ हे वाक्य गृहीत धरून सगळे पैसे डॉलरमध्ये ठेवणारेही फसले आहेत. २००२ च्या मध्यावर डॉलर ४९ रुपयांना होता. त्यानंतर भारतात परदेशी गुंतवणुकीचा ओघ वाढला आणि जानेवारी २००८ मध्ये तो ३९ ते ४० च्या दरम्यान आला. २००२ मध्ये दहा हजार डॉलरची किंमत ४ लाख ९० हजार रुपये होती. साडेपाच वर्षे वर्षाला तीन टक्के व्याज मिळाले असे धरले तरी २००८ च्या सुरुवातीला त्या डॉलरचे साधारण ४ लाख ६५ हजार रुपयेच झाले असते. ज्याला ते पैसे सोलापुरात घर बांधायला हवे होते त्याला व्याज धरूनही मुद्दल पुरते परत मिळाले नसते. शिवाय त्याच काळात सिमेंट, सळई आणि जागेचे भाव खाली आले नव्हते.

म्हणून जोखीम कुठल्या चलनात आहे हा प्रश्न अर्धाच आहे. पैसे शेवटी कुठल्या चलनात खर्च होणार, हा त्याचा उरलेला अर्धा भाग. जुळे सोलापुरात फ्लॅट घ्यायचा असेल, आई-वडिलांचा खर्च भागवायचा असेल, तर खर्च रुपयात आहे. अशा माणसाला डॉलर ही जोखीम आणि रुपया ही सुरक्षितता. उलट मुलीच्या अमेरिकेतील महाविद्यालयाचे शुल्क भरायचे असेल किंवा तिकडचे गृहकर्ज फेडायचे असेल, तर रुपयातली ठेव हीच जोखीम ठरते.

आखातातील नोकरदाराने डॉलर का विचारात घ्यावा?

पगार दिरहममध्ये, मग डॉलरच्या ठेवीशी आपला काय संबंध, असे अनेकांना वाटते. संबंध थेट आहे. अमिरातीचा दिरहम १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ या भावाला बांधलेला आहे. सौदी रियाल ३.७५ ला आणि कतारचा रियाल ३.६४ ला. म्हणजे दुबईतल्या माणसाने दिरहमचे डॉलर करून एफसीएनआरमध्ये ठेवले, तर हा बंध टिकून आहे तोवर त्याला चलनाची जोखीम जवळपास उरत नाही, फक्त अदलाबदलीचा थोडा खर्च येतो. कुवेतचा दिनार मात्र अनेक चलनांच्या टोपलीशी जोडलेला आहे, तिथे हा हिशेब इतका चोख बसत नाही. लंडनमधल्या माणसाने निव्वळ जास्त व्याज दिसते म्हणून डॉलर निवडला, तर तो पौंड आणि डॉलरमधल्या चढउताराची नवी जोखीम अंगावर घेतो. त्याला पौंडातली ठेवच बरी.

निर्णयासाठी सोपा आकडा कोणता?

एनआरईच्या दरातून एफसीएनआरचा दर वजा करा. रुपया वर्षाला साधारण तितक्या टक्क्यांनी घसरला तर दोन्ही ठेवी सारख्याच. समजा तीन वर्षांसाठी एनआरईला ६.५ आणि डॉलरच्या एफसीएनआरला ४ टक्के मिळत आहेत. फरक अडीच टक्के. आज डॉलर ९० रुपयांना असेल तर तीन वर्षांनी तो ९६-९७ च्या खाली राहिला तरच डॉलरच्या मोजमापाने एनआरई सरस ठरेल. पैसे परत न्यायचे आहेत त्याने स्वतःला एवढाच प्रश्न विचारावा, की तीन वर्षांनी डॉलर ९७ च्या वर असेल असे वाटते का?

या आकड्यात आणखी एक काटछाट आहे आणि तीच सहसा विसरली जाते. बँक डॉलर घेते तो भाव आणि देते तो भाव वेगळा असतो. बँकेने घेताना ८९ रुपये ५० पैसे लावले आणि त्याच दिवशी विकताना ९१ रुपये, असे समजू. दहा हजार डॉलरचे ८ लाख ९५ हजार रुपये झाले. तेच लगेच परत फिरवले तर ९,८३५ डॉलरच हाती येतील. जाऊन-येऊन १६५ डॉलर, म्हणजे १.६५ टक्के गेले आणि रुपया तर एक पैसाही हललेला नाही. तीन वर्षांत हा खर्च वाटला तर वर्षाला अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त बसतो. अडीच टक्क्यांचा फरक दोनाच्या आत आला. एफसीएनआरमध्ये डॉलर आले आणि डॉलरच परत गेले तर ही दुहेरी अदलाबदल होतच नाही. ठेव ठेवताना व्याजाची घासाघीस सगळे करतात. रकमेला कुठला भाव लावणार हे विचारणारे थोडेच, आणि मोठ्या रकमेला फलकापेक्षा चांगला भाव मागितला तर तो अनेकदा मिळतोही.

पैसे परत नेणे किती सोपे?

एनआरई आणि एफसीएनआर, दोन्हींतील मुद्दल व व्याज कोणत्याही मर्यादेशिवाय परदेशात नेता येते. अडचण येते ती तिसऱ्या खात्यात, ‘एनआरओ’मध्ये. सोलापुरातल्या घराचे भाडे, वडिलोपार्जित जागा विकून आलेले पैसे, इथल्या शेअरचा लाभांश अशी भारतात मिळालेली रक्कम एनआरओमध्ये जाते. त्यावरील व्याजातून ३० टक्के कर आणि वर अधिभार व उपकर आधीच कापला जातो. करार असलेल्या देशातील रहिवासी दाखला देऊन तो कमी करून घेता येतो. या खात्यातून एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंतच रक्कम बाहेर नेता येते, आणि तीही कर भरल्याची कागदपत्रे व आवश्यक तेथे सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र जोडून.

गोंधळ होतो तो इथेच. परदेशातून आलेले पैसे घाईत वडिलांच्या बचत खात्यात किंवा एनआरओमध्ये भरले जातात. एकदा तिथे मिसळले की ते ‘परदेशातून आलेले’ म्हणून मोकळेपणे परत जात नाहीत. एनआरओच्या मर्यादेत बसवून, कागदपत्रे देऊनच ते एनआरईत किंवा बाहेर नेता येतात. त्यामुळे पैसे कशात गुंतवायचे हे नंतर ठरवले तरी चालेल, ते आधी उतरावेत एनआरई खात्यात.

मुलाच्या वतीने वडील मुखत्यारपत्रावर खाते चालवू शकतात आणि इथला रुपयातला खर्च त्यातून करू शकतात. मात्र त्या मुखत्यारपत्राच्या बळावर परदेशात पैसे पाठवायचे तर ते खातेदारालाच पाठवता येतात, तिसऱ्या कुणाला नाही.

कायमचे परत आल्यावर काय?

आखातातील नोकरदारासाठी हा प्रश्न आज ना उद्या येतोच, कारण तिथे नागरिकत्व मिळणे जवळपास अशक्य. कायमचे परतल्यावर बँकेला तसे कळवणे बंधनकारक आहे. एनआरई खाते मग साधे निवासी खाते होते आणि त्याच्या व्याजाची करमाफी संपते. एफसीएनआर ठेव मात्र ठरलेल्या दराने मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येते. त्यानंतरही डॉलर डॉलरमध्येच ठेवायचे असतील तर परतलेल्यांसाठी ‘आरएफसी’ खाते आहे. वर्षा-दोन वर्षांत परतायचे ठरले असेल आणि पुढे मुलांच्या परदेशी शिक्षणासाठी डॉलर लागणार असतील, तर शेवटची ठेव एफसीएनआरमध्ये ठेवण्याचा खरा फायदा हा आहे. परत येऊनही बँकेला न कळवता जुनेच खाते चालवणारे कमी नाहीत. करमुक्त म्हणून दाखवलेल्या व्याजावर पुढे नोटीस येते तेव्हा मूळ रकमेसोबत दंडही भरावा लागतो.

डॉलरच्या ठेवीतील चलनाची जोखीम मग कोण घेतो?

ती कुठेतरी असतेच. १९७५ मध्ये परकीय चलनातील ठेवींची पहिली योजना आली तेव्हा ती जोखीम रिझर्व्ह बँकेने स्वतःकडे घेतली होती. रुपया घसरला की फरक रिझर्व्ह बँक भरून देई. १९९१ च्या संकटात अनिवासींनी ठेवी झपाट्याने काढून घेतल्या आणि रुपयाचे अवमूल्यन झाले, तेव्हा हा भार किती जड आहे ते उमगले. १९९३ मध्ये आलेल्या आजच्या योजनेत, जिच्या नावात म्हणूनच कंसात ‘बी’ आहे, ही जोखीम बँकेवर टाकण्यात आली. जुनी योजना १९९४ मध्ये बंद झाली.

बँक ती जोखीम बाजारात खर्च करून झाकते. तो खर्च जास्त असेल तर एफसीएनआरला चांगला दर देणे तिला परवडत नाही. शिवाय रिझर्व्ह बँकेने व्याजाला कमाल मर्यादा घातलेली आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया ६८ च्या पलीकडे कोसळला तेव्हा रिझर्व्ह बँकेने हा झाकण्याचा खर्च बँकांसाठी वर्षाला साडेतीन टक्क्यांवर पक्का करून दिला. तो बाजारापेक्षा बराच स्वस्त होता. परिणामी काही आठवड्यांत या ठेवींतून सुमारे २६ अब्ज डॉलर आले. डिसेंबर २०२४ मध्ये रुपयावर पुन्हा ताण आला तेव्हा व्याजाची कमाल मर्यादा मार्च २०२५ अखेरपर्यंत दीड टक्क्याने वाढवली गेली. त्या आर्थिक वर्षात एफसीएनआरमध्ये सुमारे सात अब्ज डॉलरची भर पडली.

ठेवीदाराने यातून घ्यायची खूण सरळ आहे. रुपया अडचणीत असतो तेव्हाच सरकार आणि रिझर्व्ह बँक डॉलरच्या ठेवीला गोड करतात. अशी सवलत जाहीर झाली की तिची शेवटची तारीख पाहून डॉलरची ठेव तीन ते पाच वर्षांसाठी बांधून टाकणे फायद्याचे ठरू शकते, कारण ठरलेला दर सवलत संपल्यावरही मुदतीपर्यंत तसाच राहतो.

बँक बुडाली तर?

चलनाच्या चर्चेत ही जोखीम मागे पडते, सोलापूरकरांनी तरी ती विसरू नये. शहरातील लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द केला. अशा वेळी ठेव विमा महामंडळाकडून प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेमागे मुद्दल व व्याज मिळून पाच लाख रुपयांपर्यंतच रक्कम मिळते. एनआरई आणि एफसीएनआर दोन्ही ठेवी या विम्यात येतात, पण त्याच बँकेतील सगळ्या ठेवी एकत्र धरून. डॉलरच्या ठेवीलाही मर्यादा रुपयातलीच लागते. डॉलर ९० रुपयांना असताना पाच लाख म्हणजे साडेपाच हजार डॉलर. रुपया आणखी घसरला तर डॉलरच्या ठेवीचे विमा असलेले प्रमाण आणखी कमी होते.

एफसीएनआर प्रत्येक बँकेत मिळत नाही, त्यासाठी परकीय चलन व्यवहाराचा परवाना लागतो. त्यामुळे सोलापुरात ही ठेव प्रामुख्याने सरकारी आणि मोठ्या खासगी बँकांतच ठेवता येते. जवळच्या शाखेत ‘अशी ठेव नसते’ असे उत्तर मिळाले तर त्याच बँकेची परकीय चलनाचे काम पाहणारी शाखा कोणती ते विचारावे. अर्ज तिकडे पाठवता येतो, आणि मुलगा परदेशातून नेट बँकिंगवरूनही ठेव सुरू करू शकतो.